दोनशे एमबीत मावणारा पाऊस

शॉर्टफिल्म स्पर्धेच्या नियमावलीत शेवटून दुसरी ओळ बहुतेक वेळा एकच असते: फाइल एमपी४ असावी आणि तिचा आकार अमुक एमबीच्या वर जाऊ नये. शूटिंग, एडिटिंग, डबिंग असं सगळं पार पडेपर्यंत या ओळीकडे कुणाचंच लक्ष नसतं. मग शेवटच्या रात्री एक्स्पोर्ट झालेली सहा जीबीची फाइल समोर येते, कुणीतरी नेटवरून मिळालेला एखादा कन्व्हर्टर चालवतं आणि सकाळी बघावं तर काय, फिल्ममधल्या पावसाचा लगदा झालेला असतो. माणसं दिसतात, संवाद ऐकू येतात. पण झाडाची पानं, भिंतीचा पोपडा, हवेतलं धुकं सगळं मेणासारखं वितळलेलं.

अशा वेळी ग्रुपवर हमखास एक वाद रंगतो. एकजण म्हणतो, 'सीआरएफ लाव, क्वालिटी एकसारखी राहते.' दुसरा म्हणतो, 'छे, टू-पासच बेस्ट, दोनदा प्रोसेस होतं म्हणजे डिटेल जास्त.' दोघंही अर्धवट बरोबर आहेत आणि त्या अर्धवटपणातच फिल्मची वाट लागते. म्हणून या दोन पद्धती नेमकं काय करतात ते एकदा नीट बघू. त्यासाठी एक फिल्म समोर धरू.

समजा, फिल्म ९ मिनिटं ४० सेकंदांची आहे, म्हणजे ५८० सेकंद. फुल एचडी, सेकंदाला २४ फ्रेम. सुरुवातीची ५० सेकंद ताम्हिणी घाटातला धो धो पाऊस. मग सात मिनिटं हॉस्टेलच्या खोलीत दोन मित्रांचं बोलणं, कॅमेरा ट्रायपॉडवर. शेवटची एक मिनिट पन्नास सेकंद रात्री गच्चीवर, कमी उजेडात, आयएसओ चढवून केलेलं शूट. स्पर्धेची मर्यादा २०० एमबी.

डिटेल जातं कुठे?

आजही बहुतेक स्पर्धांना चालतो तो एच.२६४ हा फॉरमॅट, २००३ सालचा. त्यात फाइल बनवणारा सर्वांत वापरला जाणारा फुकट एन्कोडर म्हणजे एक्स२६४. हँडब्रेक असो की एफएफएमपेग, आत काम बहुधा हाच करत असतो.

एन्कोडर चित्राचे छोटे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाचं रूपांतर आकड्यांत करतो. मोठे आकडे ढोबळ गोष्टी सांगतात: इथे उजेड, तिथे सावली. छोटे आकडे बारकावे सांगतात: केसाची रेघ, कापडाची वीण, पावसाचा थेंब. मग तो हे आकडे राउंड करतो. भाजीवाल्याकडे सत्तेचाळीसचे पन्नास होतात ना, तसंच. समजा एका चौकोनाचे आकडे ८३, ४१, ७, ४, ३ असे आहेत. दहाच्या पटीत राउंड केलं तर ८०, ४०, १०, ०, ० उरतात. विसाच्या पटीत केलं तर ८०, ४०, ०, ०, ०. शून्यं साठवायला जवळजवळ जागाच लागत नाही, म्हणून फाइल लहान होते. पण शून्य झालेले आकडे नेमके बारकाव्यांचे होते. लगदा होतो तो इथे.

किती खडबडीत राउंड करायचं याला एन्कोडरच्या भाषेत क्यूपी म्हणतात. क्यूपी सहाने वाढला की राउंड करण्याची पायरी दुप्पट होते. सगळा खेळ या एका आकड्याचा आहे. कुठल्या फ्रेमला, फ्रेममधल्या कुठल्या चौकोनाला किती क्यूपी द्यायचा, हे ठरवण्याच्या दोन तऱ्हा म्हणजे आपल्या वादातल्या त्या दोन पद्धती.

एक मेसचा हिशोब, एक खिशाचा

सीआरएफ ही कॉन्स्टंट क्वालिटीची पद्धत. तुम्ही एन्कोडरला सांगता, 'मला साधारण या दर्जाचं चित्र हवं, जागा लागेल तेवढी घे.' मेसमध्ये पोट भरेपर्यंत जेवायचं आणि महिन्याअखेर बिल येईल ते बघायचं, तसं. एक्स२६४ मध्ये हा आकडा ठरवून दिला नाही तर २३ धरला जातो. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. सहाने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. हा ठोकताळा आहे, गणिताचा नियम नव्हे, पण अंदाज बांधायला पुरतो.

नावात 'कॉन्स्टंट' असलं तरी प्रत्येक फ्रेमचा क्यूपी सारखा नसतो. वेगाने हलणाऱ्या दृश्यात डोळ्याला बारकावे कमी कळतात, म्हणून तिथे एन्कोडर जास्त खडबडीत राउंड करतो. उलट जो भाग पुढच्या बऱ्याच फ्रेममध्ये तसाच राहणार आहे, त्याला तो जास्त बिट्स देतो. हॉस्टेलच्या खोलीतली मागची भिंत एकदा नीट साठवली की पुढच्या शेकडो फ्रेम तिच्याकडूनच उधार घेतात. गुंतवणूक वसूल होते. पावसाच्या थेंबाचं उलटं आहे. तो एक-दोन फ्रेमपुरता जगतो, त्याच्याकडून पुढे कुणी काही उधार घेत नाही. त्यामुळे एन्कोडरच्या हिशोबी डोक्याला थेंबावर खर्च करणं म्हणजे उधळपट्टी वाटते. पाऊस, धूळ, उसळणारं पाणी, वाऱ्यात सळसळणारं गवत हे सगळ्यांत आधी का मरतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

टू-पास म्हणजे खिशात ठरलेले पैसे घेऊन निघणं. तुम्ही सरासरी बिटरेट सांगता, म्हणजेच पर्यायाने फाइलचा आकार सांगता. पहिल्या फेरीत एन्कोडर अख्खी फिल्म बघतो आणि कुठल्या फ्रेमला किती कष्ट पडतात याची नोंद एका फाइलमध्ये लिहितो. दुसऱ्या फेरीत ती नोंद बघून बजेट वाटतो: पावसाला एवढे, खोलीला एवढे, गच्चीला एवढे. पहिल्या फेरीत चित्र 'सुधारत' वगैरे काही नाही. तिथे फक्त वही भरली जाते. शिवाय ती फेरी मुद्दाम हलक्या सेटिंगवर चालते, म्हणून वेळही अगदी दुप्पट लागत नाही.

आता वादाचा निकाल. बजेट वाटताना टू-पास जे नियम लावतो, ते जवळपास तेच असतात जे सीआरएफ लावतो. वेगवान दृश्याला किती, टिकणाऱ्या भिंतीला किती, सगळं तेच. म्हणजे टू-पास एका परीने 'कुठल्या सीआरएफला ही फिल्म बरोबर एवढ्या जागेत बसेल' याचंच उत्तर शोधत असतो. त्यामुळे एकाच फिल्मच्या, एकाच प्रीसेटच्या, सारख्याच आकाराच्या दोन फाइल घेतल्या, एक सीआरएफने आणि एक टू-पासने बनवलेली, तर डिटेलमधला फरक डोळ्याला सहसा सापडत नाही.

मग ग्रुपवर फरक दिसल्याचे स्क्रीनशॉट का फिरतात? बहुतेक वेळा सीआरएफची फाइल ३३० एमबीची असते आणि टू-पासची २०० एमबीची. मोठी फाइल चांगली दिसली यात नवल ते काय! टू-पासमुळे डिटेल वाढत नाही, आकार हातात राहतो. सीआरएफमध्ये दर्जा हातात राहतो, आकार नाही. एवढाच व्यवहार आहे.

खरा गोंधळ होतो तो तिसऱ्या पद्धतीत, जिचं नाव वादात येतच नाही: एकाच फेरीत सरासरी बिटरेट. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्टमध्ये `VBR, 1 pass` असं दिसतं ते हेच. इथे एन्कोडरला बजेट दिलंय, पण फिल्म बघू दिलेली नाही. आपल्या फिल्ममध्ये पहिल्याच दृश्याला पाऊस आहे. पुढे सात मिनिटं स्वस्तातलं खोलीतलं बोलणं आहे हे त्याला माहीतच नाही. तो पावसावर हात आखडता घेतो आणि पुढे खोलीतल्या सपाट भिंतीवर नको तितके बिट्स ओततो. मर्यादा असेल तिथे ही पद्धत मी तरी वापरणार नाही.

आधी विचारा, मग बसवा

आकाराची मर्यादा असेल तर टू-पास, हे ठरलं. तरीही सुरुवात सीआरएफने करावी असं माझं मत आहे. कारण २०० एमबीत फिल्म बसवता येईल का, हा प्रश्न टू-पास तुम्हाला विचारतच नाही. तुम्ही सांगाल त्या आकारात तो काहीही कोंबून देतो. फिल्मची भूक किती आहे ते सीआरएफ सांगतो.

एडिटिंग सॉफ्टवेअरमधून आधी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये एक मास्टर काढा. एकदा दाबलेली एमपी४ पुन्हा दाबली तर पहिल्या वेळचे डागसुद्धा 'डिटेल' समजून साठवले जातात. मास्टरवरून ही चाचणी:

```
ffmpeg -i master.mov -c:v libx264 -preset slow -crf 20 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 160k test.mp4
```

समजा फाइल आली ३३० एमबीची. त्यात आवाजाचे साधारण १२ एमबी, म्हणजे चित्राचे ३१८. हे ३१८ कुठे गेले ते बघणं महत्त्वाचं. त्यासाठी मास्टरचे तीन तुकडे वेगळे काढून त्याच सीआरएफवर चालवा. आपल्या फिल्मचा हिशोब समजा असा निघाला: पावसाची ५० सेकंद सुमारे ८८ एमबी, खोलीतली सात मिनिटं सुमारे १२० एमबी आणि गच्चीवरची ११० सेकंद तब्बल ११० एमबी.

चक्रावून टाकणारा आकडा शेवटचा आहे. गच्चीवर तर दोघं नुसते बसलेत, मग एवढा खर्च कशाला? तर अंधारात आयएसओ चढवल्यामुळे चित्रभर जी मुंग्यांसारखी वळवळ येते, ती. एन्कोडरला नॉइज आणि डिटेल यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी दर फ्रेमला बदलणारा तो बारीक पोत म्हणजे पाऊसच. म्हणजे आपल्याला नको असलेल्या मुंग्या हव्या असलेल्या थेंबांच्या वाट्याचं खाऊन बसल्यात.

आता मर्यादेचा हिशोब. २०० एमबी गुणिले ८ म्हणजे १६०० मेगाबिट. भागिले ५८० सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे २७५८ किलोबिट. त्यातून आवाजाचे १६० वजा केले की २५९८. टू-पास अगदी काट्यावर बसत नाही, फाइलच्या वेष्टनालाही थोडी जागा लागते, म्हणून आणखी दोन टक्के सोडून द्यायचे. चित्रासाठी उरले साधारण २५४० किलोबिट. ५८० सेकंदांना ते १८४ एमबी होतात. एक एमबी म्हणजे दहा लाख बाइट असं मी इथे धरलंय. काही ठिकाणी तो १०२४ च्या पटीत मोजतात, पण आपला आकडा त्यापेक्षा लहान असल्याने दोन्हीकडे फाइल मर्यादेतच राहते.

म्हणजे ३१८ च्या जागी १८४. सहाला निम्मं या ठोकताळ्याने सीआरएफ २० वरून साधारण पावणेपंचवीसपर्यंत घसरावं लागेल. थेट टू-पास चालवला असता तर नेमकं हेच झालं असतं, फक्त तुम्हाला कळलं नसतं. खोलीतलं बोलणं या आकड्याला ठीक दिसेल. पाऊस मात्र वितळायला लागेल.

मुंग्या काढा, थेंब ठेवा

इथे टू-पास की सीआरएफ या वादाचा काही उपयोग नाही. डिटेल वाचवायचं असेल तर बजेटवरचा भार कमी करायला हवा, आणि या फिल्ममध्ये तो भार उघड उघड गच्चीवर आहे. तेवढ्याच भागावर हलका डीनॉइज फिल्टर लावा. अख्ख्या फिल्मवर लावलात तर फिल्टर थेंबांनाही मुंग्या समजून पुसून टाकेल. एफएफएमपेगमध्ये `hqdn3d` नावाचा जुना, साधा फिल्टर आहे आणि तो ठरावीक वेळेनंतरच सुरू करता येतो. आपली गच्ची ४७० व्या सेकंदाला सुरू होते:

```
-vf "hqdn3d=2:1.5:3:3:enable='gte(t,470)'"
```

हे आकडे मुद्दाम सौम्य ठेवलेत. जोर वाढवला तर चेहरे प्लास्टिकचे दिसायला लागतात, आणि मुंग्यांपेक्षा ते जास्त खुपतं. समजा या फिल्टरनंतर गच्चीचा तुकडा सीआरएफ २० ला ११० ऐवजी ४१ एमबीत आला. मग चित्राची एकूण भूक ३१८ वरून २४९ वर आली. २४९ ला १८४ मध्ये बसवायला सीआरएफ साधारण साडेबावीसच्या जरा वर जातो. पावणेपंचवीस ते साडेबावीस, म्हणजे दोन आकड्यांची कमाई, आणि ती थेट पावसाच्या खात्यात जमा होते. आकाराची मर्यादा तीच, पद्धत तीच.

इथे एक अपवाद सांगायला हवा. ग्रेन जर मुद्दाम आणलेलं असेल, फिल्मचा लूकच तो असेल, तर ते पुसणं म्हणजे दिग्दर्शकाच्या तोंडावर पाणी फेकण्यासारखं. त्यासाठी एक्स२६४ मध्ये `-tune grain` आहे. तो बारीक पोत जपतो आणि अवघड दृश्यांकडे जास्त बिट्स वळवतो. पण गंमत बघा: सीआरएफमध्ये तो लावला की फाइल फुगते, टू-पासमध्ये लावला की फाइल तेवढीच राहते. म्हणजे जास्तीचा खर्च कुठून तरी कापला गेलेला असतो, बहुधा सोप्या दृश्यांतून. टू-पासमध्ये कुठलंही सेटिंग बदललं तरी आकार हलत नाही, म्हणून 'फुकटात क्वालिटी वाढली' असा भास होतो. तेव्हा असं सेटिंग बदललंत की खोलीतलं दृश्यसुद्धा पुन्हा तपासा. सपाट भिंतीवर, सावलीच्या कडेला पट्टे पडलेले दिसले तर कात्री तिथे लागली असं समजा.

`-preset` मात्र खऱ्या अर्थाने फायद्याचा आहे. `slow` किंवा `slower` ला एन्कोडर जास्त शोधाशोध करतो आणि त्याच जागेत जास्त डिटेल बसवतो. त्याची किंमत तुम्ही वेळेत मोजता. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवायची तयारी असेल तर ठेवा. फक्त चाचणी आणि अंतिम फाइल एकाच प्रीसेटवर करा, कारण सीआरएफचा आकडा प्रीसेट बदलला की तोच अर्थ सांगत नाही. एन्कोडर बदलला तर अजिबातच नाही. एक्स२६५ मध्ये ठरवून दिला नाही तर हाच आकडा २८ असतो आणि त्याचा एक्स२६४ च्या २८ शी काही संबंध नाही.

दोन फेऱ्या प्रत्यक्षात

```
ffmpeg -y -i master.mov -vf "hqdn3d=2:1.5:3:3:enable='gte(t,470)'" -c:v libx264 -preset slow -b:v 2540k -pix_fmt yuv420p -pass 1 -an -f null /dev/null

ffmpeg -i master.mov -vf "hqdn3d=2:1.5:3:3:enable='gte(t,470)'" -c:v libx264 -preset slow -b:v 2540k -pix_fmt yuv420p -pass 2 -c:a aac -b:a 160k final.mp4
```

विंडोजवर `/dev/null` च्या जागी `NUL` लिहायचं. फाइल १९६ एमबीच्या आसपास यायला हवी.

पहिल्या फेरीची वही `ffmpeg2pass-0.log` या नावाने त्याच फोल्डरमध्ये पडते. दोन्ही फेऱ्यांत फिल्टर आणि प्रीसेट तेच हवेत. पहिल्या फेरीत फिल्टर विसरलात तर वहीत मुंग्यांसकटचे कष्ट लिहिलेले असतील आणि दुसरी फेरी गच्चीला नको तेवढं बजेट देऊन बसेल. एरर वगैरे काही येणार नाही. असंच दुसरं लफडं म्हणजे एकाच फोल्डरमध्ये दोन फिल्मचं काम एकदम चालवणं. एकाची वही दुसऱ्याने पुसून टाकली की सगळा हिशोब कोसळतो. वेगवेगळे फोल्डर वापरा, किंवा `-passlogfile` ने वहीला वेगळं नाव द्या.

कमांड टाइप करायचा कंटाळा असेल तर हँडब्रेकच्या व्हिडिओ टॅबमध्ये हेच आहे. `Constant Quality` ची पट्टी म्हणजे सीआरएफ. त्याखाली `Avg Bitrate` निवडून २५४० लिहायचं आणि मल्टी-पासच्या चौकोनावर टिक करायची. पण फक्त गच्चीपुरता फिल्टर तिथे लावता येत नाही. ते काम आधी मास्टरवर करून घ्यावं लागतं.

बघायचं कसं?

काम संपल्यावर टर्मिनलमध्ये एक्स२६४ काही ओळी छापतो. त्यात `frame I`, `frame P`, `frame B` अशा तीन ओळींपुढे `Avg QP` लिहिलेलं असतं. चाचणीच्या आणि अंतिम फाइलच्या या ओळी शेजारी ठेवा. दोघांतला फरक दोन-तीनचा असेल तर निश्चिंत राहा. सहा-सात असेल तर बारकाव्यांचं बरंच काही शून्य झालंय.

पण शेवटी पंच डोळाच. मास्टरमधून आणि अंतिम फाइलमधून एकाच क्षणाची फ्रेम काढा आणि पूर्ण आकारात आलटून पालटून बघा:

```
ffmpeg -ss 00:00:21 -i final.mp4 -frames:v 1 final_21.png
```

एकाच फ्रेमवर विश्वास मात्र ठेवू नका. काही फ्रेम मुद्दाम जास्त चांगल्या साठवलेल्या असतात आणि नेमकी तीच तुमच्या हाती लागली तर सगळं झकास दिसेल. सलग पाच-सहा फ्रेम काढा. मग चालती फिल्मही बघा, नजर मागच्या डोंगरावर किंवा गवतावर ठेवून. एक्स२६४ साधारणपणे जास्तीत जास्त २५० फ्रेमनंतर, म्हणजे आपल्या फिल्ममध्ये दर दहा सेकंदांनी, एक संपूर्ण नवी फ्रेम टाकतो. बिट्स कमी पडत असतील तर त्या क्षणी गवताचा पोत अचानक टवटवीत होतो आणि पुढे हळूहळू पुन्हा मंदावतो. गवत श्वास घेतंय असं वाटतं. स्थिर फ्रेममध्ये हे कधीच कळत नाही, मोठ्या पडद्यावर मात्र पहिल्या रांगेतल्या परीक्षकाला हमखास कळतं.

दर्जा आकड्यात मोजायची साधनंही आहेत. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुलं केलेलं व्हीमॅफ त्यातलं सर्वांत चर्चेतलं. वापरा, पण अख्ख्या फिल्मच्या सरासरीवर जाऊ नका. आपल्या फिल्मची पावणेदहा मिनिटांतली सात मिनिटं खोलीत आहेत. खोली छान आली की सरासरी छानच येणार, मग सुरुवातीचा पाऊस वाहून गेला तरी चालेल! मोजायचंच असेल तर पावसाची ५० सेकंद वेगळी मोजा. नेटफ्लिक्सलाही या सरासरीच्या फसवणुकीतून जावं लागलंच होतं. २०१५ पर्यंत त्यांच्याकडे फुल एचडीसाठी ५८०० किलोबिट असा एक ठरलेला वरचा आकडा होता, मग समोर सपाट रंगांचं कार्टून असो की ग्रेनने भरलेला अॅक्शनपट. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यांनी प्रत्येक टायटलची भूक वेगळी मोजून बिटरेट ठरवायची पद्धत जाहीर केली. आपण वर सीआरएफने केलं ते त्याचंच घरगुती रूप.

एवढं करूनही पाऊस जमत नसेल तर? समजा मर्यादा २०० ऐवजी १०० एमबीची आहे आणि हिशोब सीआरएफ २८-२९ वर जातोय. मग माझ्या मते फुल एचडीचा हट्ट सोडावा. १२८० बाय ७२० केलं की पिक्सेल ४४ टक्केच उरतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दुपटीहून जास्त बिट्स येतात. चित्र थोडं मऊ होतं, पण थेंब थेंबासारखे दिसतात. फुल एचडीतल्या चौकोनी ठोकळ्यांपेक्षा ते कधीही बरं. साधारण २६ च्या पुढे आकडा गेला की मी ७२० करून बघतो आणि दोन्ही फाइल एकाच टीव्हीवर, एकाच अंतरावरून लावतो. २४-२५ च्या आसपास असेल तर फुल एचडीच ठेवतो.

आणि स्पर्धेचा निकाल लागल्यावर तीच फिल्म यूट्यूबवर टाकणार असाल, तर ही २०० एमबीची फाइल तिथे चढवू नका. यूट्यूब आलेली प्रत्येक फाइल स्वतः पुन्हा दाबतं आणि तिथे आकाराची असली तंगी नाही. त्यासाठी मास्टरवरून सीआरएफ १६ किंवा १७ ला एक वेगळी फाइल काढा, एकाच फेरीत, टू-पासशिवाय. मुंग्यांचा फिल्टर मात्र तसाच ठेवा, कारण यूट्यूबच्या एन्कोडरलाही थेंब आणि मुंगी यांतला फरक कळत नाही.